घर तेच, सामान नवं: लांब पीडीएफमधलं एकच पान बदलताना

"ताई, एकच पान आहे हो. पाच मिनिटांचं काम."

देवस्थानच्या स्मरणिका समितीचे सचिव फोनवर असं म्हणाले, तेव्हाच मला कळलं की दुपार गेली. फोंड्यात डीटीपीचं काम करताना एवढं शिकले आहे, की अख्खं पुस्तक नव्याने लावणं एक वेळ परवडतं, पण तयार पीडीएफमधलं एक पान बदलणं नीट समजून घेतल्याशिवाय करू नये. पान बदलतं, दिसतंही छान, आणि आठ दिवसांनी मुंबईहून एखाद्या महाजनाचा फोन येतो, की अनुक्रमणिकेत "उत्सव आणि पालखी" वर बोट ठेवलं तर काहीच होत नाही.

काम काय होतं ते आधी सांगते. स्मरणिकेची छापील पानं २३६. त्याआधी मुखपृष्ठ, शुभेच्छा, समितीची नावं वगैरे क्रमांक नसलेली १२ पानं. म्हणजे फाइलमध्ये एकूण २४८. पान ५७ वर वर्षभराच्या पालख्यांचा तक्ता होता. त्यात दोन पालख्या राहून गेल्या होत्या आणि एकीची वेळ चुकली होती. फाइलला डावीकडच्या यादीत दिसणारे ३१ बुकमार्क होते, अनुक्रमणिकेची प्रत्येक ओळ त्या त्या लेखाला जोडलेली होती, आणि मधूनमधून "पान ५७ पाहा" अशा जागीही लिंक होत्या.

मूळ फाइल दुरुस्त करून सगळी पीडीएफ पुन्हा का काढली नाही, असं कुणीही विचारेल. एरवी तोच उत्तम मार्ग. पण इथे बुकमार्क मी पीडीएफ झाल्यावर हाताने लावले होते, आणि दोन जाहिराती जाहिरातदारांनी शेवटच्या दिवशी बदलून दिल्या म्हणून थेट पीडीएफमध्येच बसवल्या होत्या. सगळं पुन्हा काढलं असतं तर बुकमार्क गेले असते आणि जुन्या जाहिराती परत आल्या असत्या. जाहिरातीचे पैसे आगाऊ घेतलेले असताना तो धोका कोण पत्करणार?

पूर्वी अशा वेळी मी दोन चुकीचे रस्ते तुडवले आहेत. पहिला सर्वांना माहीत असलेला: फाइलचे तीन तुकडे करायचे, मधला फेकायचा, नवं पान मध्ये ठेवून पुन्हा जोडायचं. बरीच जोडणारी साधनं फक्त पानं उचलतात. बुकमार्कची यादी पानांत नसते, ती फाइलच्या वेगळ्या कप्प्यात असते, त्यामुळे ती मागेच राहते. हा घोटाळा निदान लगेच दिसतो, कारण डावीकडची यादी रिकामी होते. दुसरा रस्ता जास्त फसवा. जुन्या पानाच्या मागे नवं पान घुसवायचं आणि जुनं काढून टाकायचं. बुकमार्कची यादी शाबूत दिसते, पाच-सहा दाबून पाहिले तर चालतातही. चालत नाहीत ते फक्त बदललेल्या पानाकडे जाणारे. म्हणजे ज्या पानासाठी एवढा खटाटोप केला, नेमका त्याचाच रस्ता बंद.

असं का होतं, याचं उत्तर पंचायतीच्या घर क्रमांकात आहे. आपल्या वाड्यावर पोस्टमन पत्र आणतो ते घर क्रमांकावर. "देवळापासून तिसरं घर" असं पत्त्यावर लिहिलेलं नसतं. आता समजा ते घर पाडलं आणि त्याच जागी नवं बांधलं, त्याला पंचायतीने नवा क्रमांक दिला. जागा तीच, देवळापासून तिसरंच, पण जुन्या क्रमांकावर आलेली पत्रं परत जाणार. उलट घर तेच ठेवून आतल्या भिंती रंगवल्या, सामान बदललं, तर एकही पत्र चुकणार नाही.

पीडीएफमध्ये प्रत्येक पान हे असं क्रमांक असलेलं घर असतं. बुकमार्क "६९ वं पान उघड" असं सांगत नाही. तो "अमुक क्रमांकाची वस्तू उघड" असं सांगतो. पडद्यावर हे दिसत नाही, पण फाइलच्या आत डोकावलं की लख्ख दिसतं. त्यासाठी `qpdf` नावाचं एक मोफत साधन आहे. त्याला पानांची यादी विचारली:

```
qpdf --show-pages smaranika.pdf
```

लांबलचक उत्तरात आपल्या पानाची ओळ अशी होती:

```
page 69: 187 0 R
```

छापील ५७ म्हणजे फाइलमधलं ६९ वं पान (५७ अधिक सुरुवातीची १२), आणि त्याचा घर क्रमांक `187`. या हिशेबातच निम्मे लोक घसरतात. दुरुस्ती बरोबर असते, पण छापील ५७ ऐवजी फाइलमधलं ५७ वं, म्हणजे छापील ४५ वं पान बदललं जातं. आता `187` चं दार उघडू:

```
qpdf --show-object=187 smaranika.pdf
```

जे दिसतं ते वाचायला सोपं व्हावं म्हणून ओळी तोडून देते:

```
<< /Type /Page
   /Parent 3 0 R
   /MediaBox [ 0 0 595 842 ]
   /Resources 188 0 R
   /Contents 189 0 R
   /Annots [ 190 0 R 191 0 R 192 0 R ] >>
```

`/MediaBox` म्हणजे पानाचा आकार. मोजमाप पॉइंटमध्ये, एका इंचात ७२. ५९५ बाय ८४२ म्हणजे ए-फोर. `/Contents` म्हणजे पानावर प्रत्यक्ष काय रेखाटायचं, `/Resources` म्हणजे त्यासाठी लागणारे फॉन्ट आणि चित्रं. आणि `/Annots` मध्ये या पानावरच्या लिंक, इथे तीन. आता या पानाकडे येणाऱ्या बुकमार्कमध्ये काय लिहिलंय पाहा:

```
/Dest [ 187 0 R /XYZ 56 786 null ]
```

`187` क्रमांकाच्या घरी जा, डावीकडून ५६ पॉइंट आणि खालून ७८६ पॉइंटवर थांब, झूम आहे तसा ठेव. उंची खालून मोजतात, म्हणून ७८६ म्हणजे वरच्या कडेपासून ५६ पॉइंट, साधारण दोन सेंटीमीटर. तिथेच आमच्या लेखाचं शीर्षक होतं.

हे एकदा डोळ्यांनी पाहिलं की काम काय करायचं ते आपोआप ठरतं. `187` हे घर पाडायचं नाही. त्यातलं `/Contents` आणि `/Resources` हे सामान बदलायचं, आणि `/Annots` तसंच ठेवायचं. (हा क्रमांक जन्मभराचा नसतो बरं का. फाइल नव्याने सेव्ह करताना काही साधनं सगळ्या वस्तूंना नवे क्रमांक देतात, पण त्या वेळी पत्त्यांची वहीही सोबत बदलतात, म्हणून काही तुटत नाही. तुटतं ते घर एक आणि पत्ता दुसराच झाला की.)

अ‍ॅक्रोबॅटच्या पैसे भरून मिळणाऱ्या आवृत्तीत नेमकं हेच करणारी आज्ञा आहे: `Organize Pages` मध्ये `Replace`. नवं पान वेगळ्या पीडीएफमध्ये तयार ठेवायचं, ६९ वं पान निवडायचं, ती फाइल दाखवायची. ही आज्ञा फक्त पानावरचा मजकूर आणि चित्रं बदलते. जुन्या पानाकडे येणारे बुकमार्क आणि त्या पानावरच्या लिंक जशाच्या तशा राहतात. याची दुसरी बाजू लोक विसरतात: नव्या पानाच्या फाइलमध्ये तुम्ही लिंक करून आणल्या असतील, तर त्या येत नाहीत. शेऱ्यांचं मात्र उलटं आहे. नव्या पानावर कुणी पिवळ्या चिठ्ठीत "वेळ तपासा" असं लिहिलेलं राहिलं असेल तर ते सोबत येतं आणि महाजनांना दिसतं. अशा चिठ्ठ्या आधीच काढून टाका.

अ‍ॅक्रोबॅट नसेल आणि पायथनची थोडी ओळख असेल तर `pikepdf` हे मोफत साधन तेच काम करतं:

```python
from pikepdf import Pdf

book = Pdf.open("smaranika.pdf")
fix = Pdf.open("pan57.pdf")

book.pages.append(fix.pages[0])
book.pages[68].emplace(book.pages[-1],
    retain=["/Parent", "/Annots"])
del book.pages[-1]
book.save("smaranika-2.pdf")
```

यातली गोम `emplace` मध्ये आहे. नवं पान आधी पुस्तकाच्या शेवटी तात्पुरतं जोडलं, मग त्यातलं सामान जुन्या पानाच्या घरात हलवलं, आणि रिकामं झालेलं शेवटचं पान काढून टाकलं. ६९ व्या पानासाठी `68` लिहिलंय कारण इथे मोजणी शून्यापासून होते. `retain` च्या यादीत `/Annots` लिहायला विसरलात तर पान बदलेल, बुकमार्कही चालतील, पण त्या पानावरच्या तिन्ही लिंक गुपचूप नाहीशा होतील. याऐवजी कुणी सरळ `book.pages[68] = fix.pages[0]` असं लिहिलं, तर तो पुन्हा घर पाडून नवं बांधण्याचाच प्रकार झाला.

एवढं केलं आणि पान बदललं. पण काम संपलं नाही, कारण सामान बदलल्यावर दारं-खिडक्या जुन्या जागी राहतात.

लिंक ही अक्षरांना चिकटलेली नसते, याचा अनेकांना पत्ताच नसतो. ती पानावर ठेवलेली एक अदृश्य चौकट असते, तिचे चार कोपरे आकड्यांनी ठरलेले. खालचा मजकूर हलला तरी चौकट जागची हलत नाही. आमच्या पानावर तीन चौकटी होत्या. पानाच्या तळाशी "अनुक्रमणिका", ती जागेवरच होती, कारण तळपट्टी हलली नाही. तक्त्याखालच्या परिच्छेदात दोन: एक "छायाचित्रं, पान ११२" आणि एक "मानकऱ्यांची यादी, पान १४०". नव्या तक्त्यात दोन ओळी वाढल्या, प्रत्येकी २० पॉइंटची, म्हणजे तो परिच्छेद ४० पॉइंट खाली सरकला, जवळजवळ दीड सेंटीमीटर. परिणाम असा, की "पान ११२" या शब्दांवर बोट ठेवलं तर काही नाही, आणि वरच्या तक्त्यातल्या पालखीच्या ओळीवर ठेवलं तर थेट छायाचित्रं उघडतात. आमच्या सचिवांना हे दाखवलं तेव्हा ते म्हणाले, "देवाची करणी."

अ‍ॅक्रोबॅटमध्ये लिंकचं साधन निवडलं की चौकटी दिसू लागतात. त्या ओढून योग्य शब्दांवर नेता येतात. मी मात्र ते टाळलं. मूळ फाइलमध्ये परत गेले आणि तक्त्याच्या ओळींची उंची थोडी कमी केली, तक्त्याच्या आधीची मोकळी जागा आवळली, आणि तक्त्याखालचा परिच्छेद होता त्याच जागी आणून ठेवला. डीटीपीवाल्याला हे सोपं पडतं. चौकटी हलवण्यापेक्षा अक्षरं चौकटीखाली आणणं मला तरी जास्त बिनधोक वाटतं, कारण मग चुकून एखादी चौकट सुटण्याचा प्रश्नच उरत नाही.

त्याच पानावर अर्ध्यात "पालखीचा मार्ग" असं उपशीर्षक होतं आणि त्यालाही एक बुकमार्क होता. त्याच्या पत्त्यातही उंचीचा आकडा आहेच. मजकूर खाली सरकलेला राहिला असता तर त्या बुकमार्कने पान बरोबर उघडलं असतं, पण पडद्याच्या माथ्यावर उपशीर्षकाऐवजी तक्त्याच्या शेवटच्या दोन ओळी दिसल्या असत्या. ही तूट फार मोठी नाही. बुकमार्कमध्ये `/XYZ` च्या जागी `/Fit` असेल तर तेवढीही होत नाही, कारण `/Fit` अख्खं पान पडद्यावर बसवतं.

नवं पान काढताना दोन गोष्टी पाहून घ्या. एक, आकार. मशीन नवं असेल तर कागदाचा आकार लेटर असा धरलेला असू शकतो, ६१२ बाय ७९२. ए-फोरच्या पुस्तकात हे पान चिकटवलं की ते किंचित रुंद आणि बुटकं दिसतं, आणि चौकटी ५० पॉइंटपर्यंतच्या फरकाने चुकतात. दुसरी, फॉन्ट. देवनागरीचा तोच फॉन्ट, त्याच आवृत्तीचा असावा, आणि तो पीडीएफमध्ये बसवलेला असावा. जुन्या पानावर युनिकोड आणि नव्यावर एखादा जुना, युनिकोडपूर्व फॉन्ट वापरलात तर डोळ्यांना फरक कळणार नाही, पण शोधात "पालखी" टाकलं तर बाकीची पानं सापडतील आणि हेच नेमकं सापडणार नाही.

एक आडवाट मला मुद्दाम नाकारायची आहे, कारण आमच्या क्षेत्रात ती सर्रास चालते. चुकीच्या मजकुरावर पांढरी चौकट ठेवायची आणि वर नवा मजकूर लिहायचा, किंवा जुन्या पानावर नवं पान थर म्हणून पसरायचं. बुकमार्क, लिंक सगळं शाबूत राहतं, हे खरं. पण जुना मजकूर खाली जिवंत असतो. शोधलं तर सापडतो, निवडून कॉपी केला तर येतो. पालखीच्या वेळेपुरतं हे हसण्यावारी जाईल. देणगीदाराचा खाते क्रमांक झाकायचा असेल तर जाणार नाही.

जुन्याचे अवशेष आणखी एका ठिकाणी लपतात. नुसतं सेव्ह केलं तर पुष्कळदा बदल फाइलच्या शेवटी जोडले जातात आणि आधीचा मजकूर आतच पडून राहतो. म्हणून `Save As` करून नवीन नावाने ठेवावं. पान घुसवून जुनं काढण्याच्या रस्त्यात तर गंमतच असते: पान यादीतून निघतं, पण बुकमार्क अजून त्याच्याकडे बोट दाखवत असतो, त्यामुळे काही साधनं ते पान फाइलमध्ये तसंच ठेवतात. कुणाला दिसत नाही, आणि वजन तेवढंच.

दुरुस्त मजकूर एका पानात मावलाच नाही तर? मग तो बदल राहत नाही, भर होते. जुन्या घरात पहिलं पान बसवायचं आणि त्याच्यामागे दुसरं नवीन घुसवायचं. घर क्रमांकावर चालणारं सगळं टिकतं: बुकमार्क, आतल्या लिंक. मोजणीवर चालणारं सगळं एकाने सरकतं: संकेतस्थळावर कुणी `smaranika.pdf#page=150` असा दुवा दिला असेल तर तो आता एक पान आधीचं उघडेल, पानांची लेबलं, म्हणजे वरच्या खिडकीत दिसणारे पान क्रमांक, पुन्हा लावावे लागतील, आणि कागदावर छापलेला "पान १४०" तर तुमच्या हातातच नाही. अशा वेळी पानाला "५७ अ" असं लेबल देऊन पुढचे क्रमांक जागच्या जागी राखणं बरं.

फाइलवर डिजिटल सही असेल तर मात्र यातलं काहीही करू नका. एक पानच काय, एक अक्षर बदललं तरी सही बाद ठरते. आधी बदल, मग सही, आणि ती सही करणाऱ्याकडूनच पुन्हा.

तपासताना मी सगळे ३१ बुकमार्क दाबत बसत नाही. बदललेल्या पानाशी ज्यांचा संबंध आहे तेवढेच. येणारे चार: शीर्षकाचा बुकमार्क, उपशीर्षकाचा बुकमार्क, अनुक्रमणिकेतली ओळ, आणि १४० वरचं "पान ५७ पाहा". जाणाऱ्या तीन लिंक. मग जुनी चुकीची वेळ शोधात टाकून पाहायची. ती कुठेच सापडता कामा नये. एकूण पानं २४८ च आहेत ना, ते पाहायचं. मेलेला बुकमार्क ओळखू येतो तो असा, की दाबल्यावर पान जागचं हलत नाही. म्हणून तपासणी आधी दूरच्या पानावर जाऊन करायची. ५७ वरच उभं राहून ५७ चा बुकमार्क दाबला तर तो जिवंत आहे की मेलेला, कळणार कसं? हीच तपासणी मोबाइलवरच्या एखाद्या साध्या पीडीएफ अ‍ॅपमध्ये पुन्हा एकदा करते, कारण महाजन मंडळी स्मरणिका तिथेच उघडणार.

मूळ फाइलमध्येही तक्ता दुरुस्त करून ठेवला आणि नवी पीडीएफ संध्याकाळी सचिवांना पाठवली. त्यांनी अर्ध्या तासाने फोन केला. सगळ्या लिंक चालत होत्या. "फक्त ताई," ते म्हणाले, "पान ११२ वरचा एक फोटो..."